चित्रातली दिवाळी कोणत्या घरची?

गेल्या दोन-तीन वर्षांत दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर, सोसायट्यांच्या फलकांवर आणि दुकानांच्या जाहिरातींत एकच चित्र फिरताना दिसते. जमिनीवर सात-आठ भडक रंगांची वर्तुळाकार रांगोळी, तिच्या कडेने झेंडूच्या पाकळ्या, त्याभोवती मातीच्या पणत्या आणि प्रत्येक पणतीच्या बरोबर मध्यभागी मेणबत्तीसारखी सरळ उभी ज्योत. मागे जरीची साडी नेसलेली एक बाई असते आणि तिच्या साडीवर बनारसी वेलबुट्टी, कांजीवरमचे काठ आणि काश्मिरी शालीवरच्या कोयऱ्या गुण्यागोविंदाने नांदत असतात. चित्र संगणकाकडून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने काढून घेतलेले असते आणि खाली ‘पारंपरिक मराठी दिवाळी’ असे लिहिलेले असते. ते दिसायला वाईट असते असे नाही. मात्र ही दिवाळी कोणत्या घरची, कोणत्या गावची आणि कोणत्या दिवसाची, असे विचारले तर त्या चित्राकडे उत्तर नसते.

याचे खापर यंत्रावर फोडून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे आणि ती मला मान्य नाही. यंत्राला जे सांगितले जाते, ज्याला सगळे जण प्रॉम्प्ट म्हणतात, तेच बहुतेक वेळा इतके मोघम असते की त्यातून दुसरे काही निघणे शक्य नसते. सणाचे आणि प्रदेशाचे नाव घेऊन चित्र अस्सल होत नाही. वस्तू कशाची असते, ती कोणत्या कृतीने घडते आणि कुठे ठेवली जाते, हे साध्या शब्दांत सांगितले तरच ते अस्सलतेच्या जवळ जाते. आणि काही गोष्टी शब्दांनी सांगूनही यंत्राला जमत नाहीत, तिथे माणसाने हाताने काढून दिलेला नमुनाच लागतो.

आधी खिचडी का होते ते पाहू. चित्रे काढणारी ही प्रारूपे, म्हणजे या यंत्रांमागची मॉडेल्स, इंटरनेटवरची चित्रे आणि त्यांच्या सोबतचा मजकूर यांच्या असंख्य जोड्यांवर शिकलेली असतात. हा मजकूर मुख्यतः इंग्रजीत असतो आणि सणांच्या चित्रांच्या बाबतीत त्यातला मोठा वाटा विक्रीसाठी काढलेल्या छायाचित्रांचा असतो. अशा छायाचित्राला खप मिळावा म्हणून त्याचा मालक त्याखाली दिवाळी, रांगोळी, भारत, पारंपरिक, मंडल, उत्सव असे सगळेच शब्द टाकतो, मग चित्र जयपूरचे असो की चेन्नईचे. त्यामुळे यंत्राच्या लेखी या शब्दांना नेमका अर्थ उरत नाही, उरते ती त्या सर्व छायाचित्रांची सरासरी. म्हणूनच ‘अस्सल’ आणि ‘पारंपरिक’ हे शब्द प्रॉम्प्टमध्ये घातल्याने चित्र अस्सल होण्याऐवजी उलट त्या सरासरीकडे अधिकच ओढले जाते. ‘मंडल’, ‘नाजूक कलाकुसर’, ‘रंगीबेरंगी’ या शब्दांचेही तसेच. चांगल्या प्रॉम्प्टची सुरुवात हे शब्द खोडण्यापासून होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

रांगोळीपासूनच सुरुवात करू. आपल्याकडची रोजची रांगोळी ही मुळात रेषेची कला आहे. शिरगोळ्याच्या दगडाची पांढरी पूड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोडत काढलेली ती रेषा असते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा गेरूच्या पट्ट्यावर ती उठून दिसते, कडेला किंचित भुरभुरलेली असते आणि हात थांबला तिथे थोडी जाड होते. रंग नंतर येतात आणि पुष्कळदा येतही नाहीत, हळदीकुंकवाच्या चिमटीवर भागते. यंत्राने काढलेल्या रांगोळीत मात्र रेषा नसतेच, असतात ती रंगांची क्षेत्रे, जणू कापलेले पुठ्ठे एकमेकांना चिकटवले आहेत. प्रॉम्प्टमध्ये कोरडी पांढरी दगडी पूड, भुरभुरीत कडा, लाल गेरूचा मंद पृष्ठभाग आणि केवळ रेषाचित्र एवढे सांगितले, तर निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काम ठिपक्यांचे असते आणि तिथे शब्द हरतात. उदाहरणार्थ, सात ते चार ठिपक्यांची रांगोळी घ्या. मधल्या ओळीत सात ठिपके, त्याच्या वर आणि खाली सहा-सहा, मग पाच-पाच, शेवटी चार-चार. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध सुरू होते. एकूण सदतीस ठिपके होतात आणि आकार षट्कोनी येतो. हे शाळकरी मुलीलाही तोंडपाठ असते, कारण ती मोजते. चित्र काढणारे यंत्र मात्र माणसासारखे मोजत नाही, ते ठिपक्यांसारखे दिसणारे काहीतरी पसरवते. कुठे दोन ओळींतले अंतर वाढते, कुठे आठवा ठिपका उगवतो, कुठे रेषा एका ठिपक्यापाशी येऊन हवेतच विरते. लांबून चित्र साजरे दिसते, पण कोणत्याही गृहिणीने त्यावर बोट फिरवायला घेतले की तिसऱ्याच वळणावर तिला अडल्यासारखे होते.

याच ठिकाणी दुसरी गल्लतही होते. ठिपके सांगितले की यंत्र बरेचदा तमिळ सिक्कू कोलमकडे वळते. त्यात रेषा ठिपक्याला न शिवता त्याच्याभोवती वेटोळे घेत जाते आणि अखंड फिरून मूळ जागी येते. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीत सहसा ठिपके एकमेकांना जोडले जातात, आणि त्या जोडण्यातून कमळ, पणती किंवा पोपट तयार होतो. कोलममध्येही ठिपके जोडण्याचा प्रकार आहे, हे मान्य. परंतु यंत्र वेटोळ्याची निम्मी रेषा आणि जोडणीची निम्मी रेषा एकाच चित्रात आणते, तेव्हा ते कोलमही राहत नाही आणि रांगोळीही राहत नाही. बंगालची अल्पना तर तांदळाच्या ओल्या पिठाने बोटांनी काढतात, तिची रेषा गुळगुळीत असते आणि टोके गोलावलेली असतात. पूड कोरडी की पीठ ओले, एवढा एक तपशील प्रॉम्प्टमध्ये असला तरी दोन प्रदेश वेगळे व्हायला मदत होते.

ठिपक्यांसाठी उपाय सोपा आहे आणि तो संगणकाच्या बाहेरचा आहे. वहीच्या कागदावर पेन्सिलने ठिपके मांडावेत, रांगोळी जोडावी, त्याचे सरळ वरून छायाचित्र काढावे आणि ते प्रॉम्प्टसोबत आधारचित्र म्हणून द्यावे. आजची अनेक साधने असे रेखाचित्र स्वीकारतात. कोणालाही उतरवून वापरता येणाऱ्या मुक्त प्रारूपांसाठी 2023 साली आलेल्या कंट्रोलनेट या पद्धतीत तर यंत्राला दिलेल्या रेषा धरूनच काम करायला लावता येते. मग यंत्राचे काम पूड, उजेड आणि जमीन रंगवण्यापुरते उरते. चैत्रांगणालाही हेच लागू आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात काढल्या जाणाऱ्या त्या रांगोळीत झोपाळ्यातली गौर, तुळशीवृंदावन, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, कासव, गोपद्मे, फणी, करंडा अशी कितीतरी चिन्हे ओळीने येतात. ही यादी प्रॉम्प्टमध्ये लिहिली तर यंत्र त्यातली चार-पाच उचलते आणि बाकीच्यांचा काला करते. आईच्या किंवा आजीच्या हाताने एकदा कागदावर उतरवून घेतलेले चैत्रांगण हजार शब्दांच्या प्रॉम्प्टपेक्षा उपयोगाचे असते.

दिव्यांच्या बाबतीत चूक अधिक ठळक असते आणि दुरुस्ती अधिक सोपी. पणतीत तेल असते, वात त्या तेलात आडवी पडलेली असते आणि तिचे टोक पणतीच्या चोचीवर बाहेर काढलेले असते. ज्योत त्या चोचीवर असते, थोडी बाहेरच्या बाजूला झुकलेली आणि बुटकी, चोचीला काजळी धरलेली. यंत्राला मेणाच्या छोट्या दिव्यांची छायाचित्रे अमाप दिसलेली असल्याने ते पणतीच्या मध्यभागी वात उभी करते आणि तेलाऐवजी गोठलेले मेण भरते. उभी वात आपल्याकडे आहे, पण ती निरांजनात, तुपात भिजवलेल्या फुलवातीची. म्हणजे उभी ज्योत देवघरातल्या निरांजनात योग्य आणि अंगणातल्या पणतीत चुकीची. हा फरक ‘दिवा’ या एका शब्दाने यंत्रापर्यंत पोहोचणार नाही, वात आडवी की उभी आणि आत तेल की तूप, हे सांगावे लागते.

उजेडाचीही एक खूण आहे. दिव्याखाली अंधार असतो, ही म्हण सगळ्यांना पाठ असते आणि चित्रे नेमकी तीच विसरतात. खऱ्या पणतीचा उजेड चोचीच्या पुढच्या जमिनीवर आणि आतल्या कडेवर पडतो, पणतीच्या बुडाशी सावली असते. यंत्राच्या चित्रात पणती आतून दिवा लावलेल्या काचेच्या भांड्यासारखी तळापासून उजळलेली दिसते. माती पारदर्शक नाही, तेव्हा बूड उजळलेले दिसले की चित्र बाद समजावे. समईचे म्हणाल तर ती लक्ष्मीपूजनाच्या चौरंगाशेजारी असते, दारातल्या पणत्यांच्या रांगेत नाही. आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी यमासाठी लावतात तो कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेला असतो. शुभेच्छापत्रावर हा एकच दिवा मिरवायचा असेल, तर निदान तो कोणत्या दिवसाचा आहे हे माहीत असावे.

वस्त्रांत मी केवळ पैठणीचे उदाहरण घेतो, कारण सर्वांत जास्त नाव तिचेच घेतले जाते. पैठणी ओळखायची ती तिच्या विणकामावरून, केवळ चित्रांवरून नव्हे. पैठण आणि येवल्याच्या मागावर पदराची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे बाण्याचे, म्हणजे आडवे धागे हाताने त्या त्या जागेपुरते घालून आणि शेजारच्या धाग्यात अडकवून विणली जाते, त्यामुळे उलट बाजूला लोंबणारे धागे नसतात आणि नक्षी दोन्ही अंगांनी सारखी दिसते. पदराची जमीन जरीची आणि नक्षी रेशमाची असते. या पद्धतीने विणलेला वक्र खरा वक्र नसतो, तो बारीक पायऱ्यापायऱ्यांनी वळतो. बांगडी-मोरातला मोर असाच बांगडीच्या गोलात पायऱ्यांनी बसलेला असतो आणि रंग सपाट असतात, त्यांत छायाप्रकाश नसतो. काठ नारळी किंवा पंख्याचा असतो. पदरावर मुनिया येते, आसवली येते, कमळ येते.

आता यंत्राला नुसते ‘पैठणी’ म्हटले तर काय होते? प्रारूपाने हे नाव फार थोड्या वेळा पाहिलेले असते, आणि जिथे पाहिलेले असते तिथेही बऱ्याच छायाचित्रांत छापील नक्कल असते. म्हणून ते ‘साडी’ या मोठ्या शब्दाकडे झुकते आणि मोर काढते खरा, पण तो मोर ब्रशने रंगवल्यासारखा, पिसांच्या छटांसह, पोस्टरवरचा असतो. यावर उपाय म्हणून कोणी विणकामाच्या पद्धतीचे इंग्रजी नाव, टॅपेस्ट्री, प्रॉम्प्टमध्ये घालते, तर युरोपातल्या भिंतीवरच्या जुन्या पडद्यांकडे चित्र सरकण्याची शक्यता वाढते. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसते ते लिहावे: सोनेरी धातूच्या धाग्याची सपाट जमीन, त्यावर गोल बांगडीत बसलेला मोर, पायऱ्यापायऱ्यांच्या कडा, सपाट रंग, छटा नाहीत, अगदी जवळून. जवळून म्हणण्याला महत्त्व आहे. अख्खी नेसलेली साडी मागितली की यंत्र नक्षीवर ठरावीक तपशिलापलीकडे जात नाही आणि निऱ्यांच्या घडीत मोराचे तुकडे इकडेतिकडे विखुरतात. पदराचा हातभर तुकडा मागावा आणि मुनिया किंवा मोर मोठा येऊ द्यावा.

हे सगळे एका प्रॉम्प्टमध्ये कसे उतरते ते पाहू. मूळ मागणी समजा अशी होती: पारंपरिक मराठी दिवाळी, सुंदर रांगोळी, पणत्या, पैठणी नेसलेली स्त्री. यातून सुरुवातीला वर्णन केलेलेच चित्र येणार. मी प्रथम स्त्री आणि साडी काढून टाकीन, कारण एका चित्रात तीन अवघड गोष्टी मागितल्या की तिन्ही पातळ होतात. मग सणाचे नाव काढीन, कारण ‘दिवाळी’ म्हटले की विक्रीच्या छायाचित्रांचा सगळा पसारा मागोमाग येतो. उरते ते एक दार, एक जमीन, एक रांगोळी आणि दोन पणत्या. सोबत सात ते चार ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद जोडायचा. बहुतेक प्रारूपे इंग्रजी मजकुरावर जास्त शिकलेली असल्याने प्रॉम्प्ट इंग्रजीत दिलेला बरा:

```
Doorway of a Pune flat at dusk, seen from above. Square of
dull red ochre on the floor; on it a white line drawing in dry
stone powder, grainy edges, exactly as in the attached sketch.
At two corners small unglazed clay lamps, cotton wick lying in
oil, its tip on the pinched lip, small flame over the lip.
```

यात रांगोळी हा शब्दही नाही, हे लक्षात घ्यावे. काय नको तेही यात मुद्दाम लिहिलेले नाही. ‘झेंडू नको’ असे मुख्य प्रॉम्प्टमध्ये लिहिले की झेंडू हा शब्द यंत्राच्या नजरेस पडतो आणि पुष्कळदा झेंडू येतोच. ज्या साधनांत नको त्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तिथेच तो टाकावा. लांबीलाही मर्यादा आहे. स्टेबल डिफ्यूजन या मुक्त प्रारूपाच्या जुन्या आवृत्त्या एका वेळी सत्त्याहत्तर शब्दखंडच वाचत, पुढचे सुटून जाई. तेव्हा जमीन आणि रांगोळी आधी, सजावट शेवटी. पहिले चित्र आले की सर्व प्रॉम्प्ट बदलू नये. चित्राचा सुरुवातीचा अंक, ज्याला सीड म्हणतात, तो तसाच ठेवावा आणि एकच शब्दसमूह बदलून पाहावा, म्हणजे कशामुळे काय बदलले हे कळते. वात तेवढी चुकली असेल तर तेवढाच भाग निवडून पुन्हा काढून घेता येतो. आणि प्रत्येक वेळी मधल्या ओळीतले ठिपके मोजावेत. सात भरले नाहीत तर आधारचित्राचा प्रभाव वाढवावा, शब्द वाढवून काही होत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. संस्कृती काय शुद्ध असते का, असे विचारले जाते. मुळीच नसते. इरकल कर्नाटकातल्या इलकलची आणि खण गुळेदगुड्डचा, तरीही सोलापूर-पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत कित्येक घरांत त्यांच्याशिवाय कपाट पूर्ण होत नाही. संस्कार भारतीची मोठी गालिचा रांगोळी हा आजीच्या अंगणातल्या रांगोळीहून वेगळा, अलीकडचा प्रकार आहे, आणि आज मिरवणुकीच्या रस्त्यांवर तीच शोभते. तंजावरच्या मराठी घरासमोर कोलम असले तर ते चुकीचे ठरत नाही, उलट तीनशे वर्षांहून जुन्या वास्तव्याची ती खूण आहे. या सर्व सरमिसळींना वाट आहे: कोणीतरी लग्न होऊन आली, कोणीतरी बाजारातून आणले, कोणी नवी पद्धत मुद्दाम शिकवली. यंत्राच्या खिचडीला अशी वाट नाही, तिला केवळ वारंवारता आहे. म्हणून माझा आग्रह शुद्धतेचा नाही, मिश्रणाचे कारण सांगता येण्याचा आहे. तंजावरच्या मराठी घराचे चित्र हवे असेल तर कोलम जरूर मागावे, फक्त तांदळाच्या पिठाचे आणि तिथल्या दारापुढचे मागावे.

घरगुती शुभेच्छापत्राबद्दल मी फार कडक होणार नाही. कोणी मावशीला पाठवलेल्या चित्रात झेंडू जास्त झाला तर बिघडत नाही, मावशीच हसून सांगेल. प्रश्न येतो तो पाठ्यसाहित्य छापणाऱ्या, महापालिकेचे फलक लावणाऱ्या, पर्यटनाच्या जाहिराती करणाऱ्या आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिका काढणाऱ्या लोकांचा. त्यांचे चित्र मुले बघून शिकतात. ज्या मुलीने अंगण पाहिलेले नाही, तिच्या दृष्टीने छापलेले हेच चैत्रांगण असते. आणि असे चित्र इंटरनेटवर ‘मराठी रांगोळी’ म्हणून चढले की पुढच्या प्रारूपाच्या शिकवणीत तेच जाऊ शकते, चुकीच्या ठिपक्यांसह.

कापडाच्या बाबतीत नावाचा प्रश्न आणखी गंभीर होतो. यंत्राकडून काढून घेतलेला मोर पॉलिएस्टरवर छापला आणि त्याला पैठणी म्हटले, तर फसवणूक केवळ गिऱ्हाइकाची होत नाही. महिनोन् महिने मागावर बसणाऱ्या विणकराच्या नावावर दुसराच कोणी पैसे मिळवतो. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे ते याचसाठी. छापील कापडाला ‘पैठणीच्या नक्षीची छपाई’ म्हणावे, एवढी मागणी अवाजवी नाही.

सार्वजनिक चित्रांसाठी मला एक साधी व्यवस्था सुचते. चित्र मंजूर करणाऱ्याने ते ती गोष्ट हाताने करणाऱ्या एका माणसाला दाखवावे: रांगोळी असेल तर रोज रांगोळी काढणाऱ्या बाईला, पदर असेल तर येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराला. ती व्यक्ती अर्ध्या मिनिटात सांगते की वात कुठे चुकली आणि मोराचे पाय का असे आहेत. आधारचित्र तिच्याकडूनच काढून घेतले तर त्याचे मानधन द्यावे आणि तिची संमती असेल तर चित्राखाली तिचे नाव छापावे. एजन्सीच्या बिलात प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याचा मोबदला धरलेला असतोच, त्याच्याच खाली ठिपके मांडणाऱ्या बाईची एक ओळ वाढवावी लागेल.